शांत स्टेशन: चालू दिसणारी, पण मेलेली लिंक

एका भुयारी मार्गाखालच्या पावसाळी पाण्याच्या पंपिंग स्टेशनचं हे प्रकरण आहे. स्टेशनवर माणूस नसतो. संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात, पाणी चढलं की पंप आपोआप सुरू होतात, उतरलं की बंद होतात. काही बिघडलं तर तिथला आरटीयू, म्हणजे स्टेशनची स्थिती वाचणारा छोटा संगणक, ४जी राउटरमार्फत कंट्रोल रूमच्या स्काडाला, म्हणजे सगळ्या स्टेशनांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीला, कळवतो. अशी चाळीसेक स्टेशनं एकाच स्काडावर होती आणि त्यांच्या टेलिमेट्रीची जबाबदारी माझ्याकडे होती. एका दुपारी जोराचा पाऊस झाला, भुयारी मार्ग बुडाला, वाहतूक दोन तास थांबली. कोणाला इजा झाली नाही, पण चौकशी लागली.

पहिल्याच बैठकीत अलार्मची छापील यादी टेबलावर ठेवली होती. संपची उच्च पातळी, वेळ १६:२६:४०. ऑपरेटरने अलार्म स्वीकारल्याची नोंद, १७:००. वरिष्ठांनी वजाबाकी केली आणि ऑपरेटरकडे पाहिलं. तेहेतीस मिनिटं अलार्म वाजत होता आणि तुम्ही काय करत होता? तो एकच वाक्य धरून बसला होता, "साहेब, हॉर्न वाजलाच नाही." त्याचं म्हणणं असं की १६:५७ ला वाहतूक पोलिसाचा फोन आला, त्याने स्क्रीन उघडली, तर तिथे पातळी ०.३० मीटर, दोन्ही पंप बंद, कम्युनिकेशन हिरवं. सगळं कोरडंठाक. शंका आली म्हणून त्याने हाताने स्कॅन मारला, म्हणजे स्टेशनकडून ताजी माहिती मागवली, आणि दीड मिनिटानंतर स्क्रीनवर एकदम सगळं लाल झालं.

मला त्याचं खरं वाटलं, कारण खोटं बोलणारा माणूस 'कम्युनिकेशन हिरवं होतं' असा स्वतःलाच अडचणीत आणणारा तपशील सहसा जोडत नाही. पण वाटणं वेगळं, दाखवणं वेगळं.

आधी व्यवस्था समजून घेऊ

आरटीयू आणि स्काडा यांच्यात डीएनपी३ हा प्रोटोकॉल होता. आयईईई १८१५ या मानकाचा तो. त्यात स्टेशनकडून माहिती दोन प्रकारे येते. स्काडा विचारतो तेव्हा आरटीयू उत्तर देतो, हे पोलिंग. किंवा काही बदललं की आरटीयू न विचारता स्वतःहून सांगतो. त्याला अनसॉलिसिटेड संदेश म्हणतात. बदल झाला तरच बोलायचं, नाही तर गप्प बसायचं, ही दुसरी पद्धत. मोबाइल नेटवर्कवर ती आवडते, कारण डेटा कमी लागतो आणि खरी घटना पोलिंगच्या फेरीची वाट न पाहता दोन-तीन सेकंदांत पोहोचते.

'बदल' म्हणजे किती, हे डेडबँड ठरवतो. या स्टेशनवर पातळीचा डेडबँड पाव मीटर होता. शेवटी कळवलेल्या आकड्यापासून पातळी पाव मीटर सरकली तर नवी नोंद. पाण्याबरोबर उचलला जाणारा फ्लोट स्विच, पंप सुरू, पंप ट्रिप वगैरे चालू-बंद प्रकारच्या गोष्टी मात्र बदलताक्षणी. याशिवाय स्काडा रोज पहाटे २ वाजता इंटिग्रिटी पोल करायचा. म्हणजे सगळ्या बिंदूंची सध्याची स्थिती आणि साठलेल्या सगळ्या घटना एकदम मागवून घ्यायच्या. दिवसातून एकच, कारण ही रचना झाली तेव्हा सिमचा डेटा प्लॅन तुटपुंजा होता. प्लॅन नंतर दोनदा बदलला, पोलची वेळ कोणी बदलली नाही.

टीसीपी कनेक्शन स्काडाच्या बाजूने उघडलं जायचं, आरटीयू पोर्ट २०००० वर ऐकत बसायचा. मधे खासगी एपीएन, म्हणजे मोबाइल नेटवर्कमधली आमच्यापुरती वाट, त्यानंतर आमच्याच सर्व्हर रूमच्या दारातला फायरवॉल. एकदा उघडलेलं कनेक्शन दिवसेंदिवस तसंच उघडं राहावं, ही अपेक्षा.

दोन घड्याळं

पहिला संशय मी आरटीयूच्या घड्याळावर घेतला. घड्याळ अर्धा तास मागे असेल तर तक्रारीचं निम्मं कोडं तिथेच सुटतं. घड्याळ बरोबर निघालं, फरक एका सेकंदाच्याही आत. म्हणजे १६:२६:४० ला फ्लोट खरोखरच उचलला गेला होता.

मग लक्षात आलं की यादीतली वेळ ही घटना *घडल्याची* वेळ आहे. डीएनपी३ मध्ये आरटीयू प्रत्येक घटनेवर स्वतःच्या घड्याळाचा शिक्का मारून पाठवतो आणि आमचा स्काडा अलार्म यादीत तोच शिक्का छापत होता. घटना तिथे *पोहोचल्याची* वेळ कुठेच छापली जात नव्हती. पत्रावर लिहिणाऱ्याने घातलेली तारीख वाचायची आणि पोस्टाचा शिक्का फेकून द्यायचा, तसा हा प्रकार. सगळं सुरळीत असताना दोन्हींत दोन सेकंदांचा फरक असतो, म्हणून तो कधी कोणाला खटकला नव्हता.

पोहोचल्याची वेळ स्काडाच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे स्टेशनांशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉगमध्ये होती. या स्टेशनपुरता त्या दिवसाचा लॉग इतकाच:

```
02:00:07  RX integrity response
02:00:07  TX confirm
16:58:05  TX read class 0,1,2,3 (manual)
16:58:35  response timeout (1/3)
16:59:05  response timeout (2/3)
16:59:35  response timeout (3/3), closing socket
16:59:41  connected
16:59:43  RX unsolicited, 11 events
```

पहाटे २ नंतर जवळपास पंधरा तास एकही बाइट आलेला नाही. आणि त्या पंधरा तासांत ड्रायव्हरने एकदाही तक्रार केलेली नाही. मॅन्युअल स्कॅन ऑपरेटरने मारला, तो तीनदा अनुत्तरित राहिला, मग ड्रायव्हरने जुनं सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, बंद करून नवं उघडलं, आणि दोन सेकंदांत अकरा साठलेल्या घटना धाडकन आल्या. त्यांत १६:२६ ची उच्च पातळीही होती. हॉर्न वाजला तो १६:५९:४३ ला. ऑपरेटरने अर्ध्या मिनिटात स्वीकारला होता.

ही आठ ओळींची नोंद दुसऱ्या बैठकीत ठेवली तेव्हा त्याच्यावरचा विषय संपला. माझ्यावरचा सुरू झाला.

स्टेशनवर काय चाललं होतं

आरटीयूचा लॉग काढला. १६:१४:०३ ला पातळी पहिल्यांदा पाव मीटरने सरकली आणि आरटीयूने अनसॉलिसिटेड संदेश पाठवला. स्काडाकडून पावती आली नाही. दहा सेकंदांनी पुन्हा पाठवला. पुन्हा नाही. १६:१९ ला पहिला पंप सुरू झाला, १६:२१ ला ओव्हरलोडवर ट्रिप झाला (नंतर इंपेलरमध्ये प्लास्टिकचा गठ्ठा सापडला). दुसरा पंप लगेच चालू झाला, पण त्या पावसाला एकटा पुरेना. १६:२६:४० ला उच्च पातळी. १६:४४ च्या सुमारास पाणी रस्त्यावर. स्थानिक नियंत्रणाने आपलं काम चोख केलं होतं. ट्रिप झालेला पंप मोकळा करायला मात्र माणूस लागतो, आणि माणसाला बोलवायचं काम लिंकचं होतं.

या सगळ्या वेळात आरटीयू ओरडत होता, आणि त्याचा आवाज वाटेत कुठेतरी गिळला जात होता. १६:२९:३० ला एक ओळ होती: सॉकेट बंद, पुन्हा ऐकण्याच्या स्थितीत. पहिल्या अनुत्तरित संदेशापासून हे अंतर साडेपंधरा मिनिटांचं. ज्यांनी लिनक्सवरच्या टीसीपीशी झगडा केला आहे त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पावती न मिळालेला डेटा लिनक्स वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवतो आणि `tcp_retries2` चं मूल्य नेहमीचं १५ असेल तर सुमारे ९२४ सेकंदांनी नाद सोडतो. आरटीयूच्या आतही लिनक्सच होतं. डीएनपी३ च्या पातळीवर पावती येत नाही हे त्याला दहा सेकंदांत कळलं होतं, पण त्यावरून 'हे सॉकेटच मेलं असावं' असा निष्कर्ष काढण्याची तरतूद त्याच्या सेटिंगमध्ये कोणी केली नव्हती. तो त्याच मेलेल्या सॉकेटवर नव्याने प्रयत्न करत राहिला.

आणि १६:२९:३० नंतर तर अवस्था आणखी विचित्र झाली. आरटीयू दार उघडं ठेवून स्काडाची वाट पाहतोय. स्काडाला वाटतंय आपण आधीच आत आहोत. दोघेही शांत. ऑपरेटरने स्कॅन मारला नसता तर ही अवस्था दुसऱ्या दिवशी पहाटे २ पर्यंत तशीच राहिली असती.

कनेक्शन कधी मेलं

सुटं पडलेलं एक आरटीयू, तसंच सिम, तसाच राउटर घेऊन टेबलावर तीच जोडणी केली. इंटिग्रिटी पोल झाल्यावर हात लावायचा नाही, ठरावीक वेळ थांबायचं, मग एक इनपुट शॉर्ट करायचा आणि स्काडाच्या बाजूला पॅकेट पाहायची.

```
tcpdump -n -i eth0 'tcp port 20000'
```

२० मिनिटं शांत ठेवून घटना पाठवली, दोन सेकंदांत आली. ४० मिनिटं, आली. ५५ मिनिटं, आली. ६५ मिनिटं, काही नाही. राउटरमधून पॅकेट बाहेर पडताना दिसत होतं, सर्व्हरच्या कार्डावर उतरत नव्हतं. फायरवॉलची सेटिंग उघडली: टीसीपी सेशनसाठी निष्क्रियतेची मर्यादा ३६०० सेकंद. तासभर कोणी बोललं नाही तर फायरवॉल त्या कनेक्शनची नोंद आपल्या तक्त्यातून पुसून टाकतो आणि दोन्ही टोकांना काहीच सांगत नाही. त्यानंतर त्या कनेक्शनचं पॅकेट आलं तर अनोळखी म्हणून टाकून देतो. म्हणजे त्या दिवशी लिंक पावसात मेली नव्हती. ती पहाटे ३ वाजताच गेली होती.

इथे मोबाइल कंपनीला दोष देण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो. दोष आमच्याच दारात निघाला. पण फायरवॉलच्या ऐवजी मोबाइल नेटवर्कमधला पत्ते बदलणारा टप्पा असता तरी गोष्ट हीच झाली असती, आणि तिथली मर्यादा अनेकदा काही मिनिटांचीच असते.

मग चाळीसपैकी बाकी स्टेशनांवर हे का दिसलं नाही? कारण ती सांडपाण्याची होती. तिथे संप दिवसरात्र भरतो-उपसतो, दर पंधरा-वीस मिनिटांनी पंप चालू-बंद होतो, प्रत्येक वेळी एक घटना जाते, आणि फायरवॉलचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. त्यांची रहदारीच त्यांना जिवंत ठेवत होती. पावसाळी पाण्याची स्टेशनं फक्त तीन. कोरड्या दिवसांत तिथे आठवडेच्या आठवडे काही बदलत नाही. ज्या स्टेशनची पहिली घटनाच सर्वांत महत्त्वाची, नेमकं तेच लिंक गमावून बसलेलं.

कार्यान्वयनाच्या चाचणीतही हे निसटलं, कारण चाचणीच्या दिवशी आम्ही दोन माणसं तिथे फ्लोट उचलत, पंप चालवत, फोनवर 'आलं का, आलं का' करत दिवसभर बसलो होतो. तासभराची शांतता त्या दिवशी झालीच नाही.

आणि हिरवा दिवा? तो ड्रायव्हर दोन गोष्टींवरून ठरवत होता: सॉकेट उघडं आहे का, आणि शेवटचा पोल यशस्वी झाला का. दोन्ही उत्तरं 'हो'. बदलावर आधारलेल्या पद्धतीत शांततेचे दोन अर्थ होतात: काही घडलं नाही, किंवा घडलेलं कळायचा मार्ग उरला नाही. आमच्या स्क्रीनला दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

काय बदललं

सहकाऱ्याची पहिली सूचना होती की टीसीपीचं कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणं, चालू करू. वाईट नव्हती, पण लिनक्सचे मूळ आकडे घेऊन हिशेब करून पाहा. पहिली तपासणी ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ प्रयत्न. लिंक पहिल्या तासाला मरते, कळतं दोन तास अकरा मिनिटांनी. म्हणजे वेळेच्या अर्ध्याहून जास्त भागात स्टेशन बहिरंच. आकडे कमी करता येतात, पण मला तपासणी प्रोटोकॉलच्या पातळीवर हवी होती, कारण टीसीपी जिवंत असून आरटीयूचा डीएनपी३ प्रोग्राम लटकलेला असंही मी पाहिलं आहे.

डीएनपी३ मध्ये त्यासाठी लिंक स्टेटसची विचारणा आहे. दहा बाइटची फ्रेम जाते, दहा बाइटचं उत्तर येतं. किती वेळाने विचारायचं, हे फायरवॉलच्या तासावरून ठरवणं चूक ठरलं असतं. प्रश्न असा आहे की लिंक गेल्याचं किती उशिरा कळलं तर चालेल. त्या दिवशी उच्च पातळीपासून पाणी रस्त्यावर यायला सुमारे सतरा-अठरा मिनिटं लागली. माणूस पाठवायचा तर त्यातली दोन-तीन मिनिटंच आमच्या वाट्याला येतात. म्हणून दर ६० सेकंदांनी विचारणा.

डेटा किती लागेल ही भीती सगळ्यांना होती. टीसीपी-आयपीचे ४० बाइट धरून विचारणा ५०, उत्तर ५०, त्यावरची नुसती पोच ४०, मिळून १४०. दिवसाला १४४० वेळा म्हणजे साधारण ०.२ एमबी, महिन्याला सहा. व्हीपीएनचा बोजा धरून दुप्पट समजा. इतक्यासाठी आम्ही तीन स्टेशनं आंधळी ठेवली होती.

आरटीयूच्या बाजूलाही एक सेटिंग बदललं. सलग तीन अनसॉलिसिटेड संदेशांना पावती आली नाही तर टीसीपीच्या साडेपंधरा मिनिटांची वाट न पाहता सॉकेट स्वतः तोडायचं आणि स्काडाकडे स्वतः नवं कनेक्शन उघडायचं. दोन्ही टोकांनी कनेक्शन सुरू करण्याची मुभा मानकात आहे. त्यासाठी फायरवॉलमध्ये उलट दिशेचा एक नियम लागला, आणि त्याच्या मंजुरीला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त दिवस गेले. इंटिग्रिटी पोल तासाला एक केला. पण त्याला मी पहारेकरी मानत नाही. तो हिशेब जुळवणारा कारकून आहे. मधे एखादी घटना हरवली असेल तर आकडे पुन्हा खरे करणं एवढंच त्याचं काम.

स्क्रीनवर प्रत्येक स्टेशनला शेवटचं उत्तर कधी आलं त्याचं वय दिसू लागलं. तीन मिनिटांवर गेलं की सगळे आकडे राखाडी होतात आणि स्वतंत्र अलार्म येतो. ०.३० मीटर हा आकडा तेव्हाही दिसतो, पण तो जुना आहे हे लपत नाही. अलार्म यादीत दोन रकाने झाले: घडल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ. दोन्हींत मिनिटापेक्षा जास्त अंतर असेल तर ओळीपुढे 'उशिरा' असं येतं. ही मागणी ऑपरेटरकडूनच आली, आणि सगळ्या बदलांमध्ये मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

पातळीचा डेडबँड पाव मीटरवरून पाच सेंटिमीटरवर आणला. यात एक फसगत झाली. पंप चालू असताना संपच्या पाण्यावर लाटा येतात आणि पाच सेंटिमीटर तर लाटच असते. पहिल्याच पावसात पातळीच्या घटनांचा इतका पाऊस पडला की लिंक थोडा वेळ तुटलेली असतानाच न पाठवलेल्या घटना साठवणारा बफर भरला आणि आरटीयूने बफर ओव्हरफ्लोचा बिट वर केला. म्हणजे काही नोंदी कायमच्या गेल्या. मग आरटीयूमध्येच पातळीला दहा सेकंदांची सरासरी लावली आणि पातळीच्या घटना वेगळ्या वर्गात टाकल्या, म्हणजे त्यांच्या गर्दीत ट्रिप आणि फ्लोटच्या नोंदी चेंगरणार नाहीत.

दुसरी फसगत विचारणेच्या उत्तराला दिलेल्या वेळेत. सुरुवातीला पाच सेकंद आणि दोन चुका एवढ्यावर लिंक मृत ठरवत होतो. एका स्टेशनचा सिग्नल उणे ११० डीबीएमच्या आसपास रेंगाळतो. तिथे दिवसात वीस-पंचवीस वेळा खोटी तुटातूट व्हायला लागली, आणि रोज वाजणाऱ्या अलार्मकडे माणसं बघेनाशी होतात. वेळ वीस सेकंद आणि चुका तीन केल्या. त्यामुळे लिंक गेल्याचं कळायला सुमारे तीन मिनिटं लागू शकतात, ठरवलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. त्या स्टेशनला आता उंच अँटेना बसवला आहे.

यातलं काहीही एका गोष्टीवर इलाज नाही. लिंक जिवंत आहे हे कळलं, तरी सेन्सर जिवंत आहे असं होत नाही. पातळीचा सेन्सर तुटला तर ४-२० मिलिअँपच्या लूपचा प्रवाह ३.६ च्या खाली जातो आणि आरटीयू ते पकडतो. पण गाळात रुतलेला सेन्सर आरामात एकाच आकड्यावर बसून राहतो, आणि कोरड्या संपमध्ये एकच आकडा असणं हे साहजिकच असतं. त्यासाठी पावसाळ्याआधी संपमध्ये टँकरने पाणी सोडून पाहण्याखेरीज मला दुसरी पद्धत सापडलेली नाही.

कार्यान्वयनाच्या तक्त्यात आता एक ओळ वाढली आहे: स्टेशन २६ तास कोणताही बदल न करता, इंटिग्रिटी पोल बंद ठेवून, तसंच सोडायचं आणि मग फ्लोट एकदाच उचलायचा. दहा सेकंदांत हॉर्न वाजला तर पास. तीन पावसाळी स्टेशनांपैकी दोन पहिल्या खेपेला पास झाली. तिसऱ्यावर हॉर्न वाजला तो दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी. तिथला राउटर दर २४ तासांनी स्वतःला रीस्टार्ट करून घेतो, असं कोणीतरी कधीतरी सेट करून ठेवलं होतं, आणि आम्ही फ्लोट नेमका त्याच वेळी उचलला होता.